कोथरूडमधल्या टूबीएचकेचं फर्निचर: हात उत्तम, वेळ आणि हिशेब कच्चा

काम: दोन बेडरूमची कपाटं आणि त्यावरचे लॉफ्ट, एल आकाराच्या किचनच्या ट्रॉल्या आणि वरची कपाटं, टीव्ही युनिट, चपलांचं कपाट. साहित्यासकट कंत्राट.
फिनिशिंग ५ पैकी ४, वेळ २, खर्च ३, साफसफाई २.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. या फर्निचर कंत्राटदारांच्या मुख्य मिस्त्रींचा हात पक्का आहे. कपाटांची ६ मिमीची पाठ नुसती मागून खिळे मारून बसवलेली नाही, बाजूच्या प्लायला खाच पाडून आत सरकवली आहे. त्यामुळे सांगाडा काटकोनात राहतो आणि पुढे शटर घासत नाहीत. ट्रॉल्यांचे बॉक्स ४ इंची पीव्हीसी पायांवर उभे केलेत, जमिनीवर टेकवलेले नाहीत. ओट्याखाली फरशी धुताना पाणी प्लायला लागत नाही. टीव्ही युनिटच्या तिन्ही ड्रॉवरना सनमायकाची रेघ सलग जुळवली आहे. त्यासाठी तिन्ही तोंडं एकाच शीटमधून ओळीनं कापावी लागतात आणि शीट थोडं वाया जातं, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. यांनी न सांगता केलं. किचनसाठी ठरलेलं, पाण्याला टिकणारं ७१० ग्रेडचंच प्लाय आलं. कापण्याआधी प्रत्येक शीटवरचा शिक्का दाखवला.

चूक झाली ती उंच शटरांत. ७ फुटी आठ शटरांपैकी दोन महिनाभरात वाकली. शटरच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणला तर मध्ये ५ मिमी फट दिसत होती. कारण साधं आहे. बाहेरून १ मिमीचं सनमायका आणि आतून पातळ लायनर लावलं की दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहत नाही आणि लांब फळी जाड बाजूच्या ओढीनं वळते. एवढ्या उंचीला दोन्हीकडून एकाच जाडीचं सनमायका हवं, नाहीतर आत स्ट्रेटनर चॅनेल हवा. शिवाय प्रत्येक शटरला तीनच बिजागऱ्या होत्या, जिथे चार हव्यात. तक्रार केल्यावर ती दोन शटर नव्यानं बनवली आणि बाकी सहांना चॅनेल टाकले, त्याचे पैसे लावले नाहीत. आता शटरांमधल्या फटी सगळीकडे २ ते ३ मिमी आणि एकसारख्या आहेत.

दुसरी त्रुटी सिंकखालच्या कपाटाची. प्लायच्या कडांवरचं एज बँड मशीनवर लावायचं ठरलं होतं. बाकी सगळं तसं झालं, पण हे शटर मापात बसेना म्हणून जागेवर कापलं आणि पट्टी हातानं चिकटवली. रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. ती घाई झाली आणि खालची पट्टी सुटली. कापलेली कडाही सील केली नव्हती. नळाच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकांचंही तेच, त्यांत सिलिकॉन सांगून भरून घ्यावं लागलं. सनमायका कुठे पोकळ आहे का हे बोटाच्या पेरानं ठोकून पाहता येतं. संपूर्ण कामात एकाच जागी पोकळ आवाज आला, लॉफ्टच्या दारावर.

वेळेचं मात्र पटण्यासारखं नाही. ३५ दिवस ठरले होते, ५३ लागले. जादा १८ पैकी ६ दिवस निवडलेली शेड बाजारात नव्हती म्हणून गेले. ते त्यांच्या हातात नव्हतं, पण शेड ठरल्याच्या दिवशीच शीट उचलून ठेवली असती तर तेही वाचले असते. ७ दिवस कारागीर दुसऱ्या साइटवर पाठवले गेले आणि ते विचारल्यावरच कळलं. उरलेले ५ शटर पुन्हा बनवण्यात. मुळातलं वेळापत्रकही चुकीचं होतं: सोसायटीत रविवारी काम बंद आणि दुपारी १ ते ४ ड्रिल, कटर बंद. हा हिशेब सुरुवातीला धरला असता तर कोणीही ३५ दिवस कबूल केले नसते.

खर्चाचे आकडे देतो, कारण पुढच्या माणसाला त्याचाच उपयोग. दर समोरून मोजलेल्या चौरस फुटाचा: कपाटं १,४५०, लॉफ्ट ८५०, ट्रॉलीचे बॉक्स १,७००, किचनची वरची कपाटं १,४००. टीव्ही युनिट आणि चपलांचं कपाट ठोक. सगळं धरून २,८४,००० आणि ट्रॉलीचं हार्डवेअर ४६,०००, म्हणजे ३,३०,०००. शेवटचं बिल आलं ३,७१,५०० चं. वरच्या ४१,५०० पैकी १८,५०० आमच्या बदलांचे: एका ट्रॉलीला टँडम बॉक्स ११,३०० आणि विजेचे पॉइंट ७,२००. ते रास्तच.

उरलेले २३,००० वादाचे. कपाटाची दिसणारी बाजू ९,०००, फिलर आणि स्कर्टिंग ५,४००, वाढीव बिजागऱ्या आणि कुलपं ३,६००, लिफ्टमधून चढ-उताराचे ५,०००. समोरून मोजण्याच्या दरात उघडी बाजू धरत नाहीत, हे सुतारांचं म्हणणं खरं असतं. पण ड्रॉइंगमध्ये ती बाजू सनमायकासह दाखवली होती, म्हणजे ती दरात होती. ड्रॉइंग समोर ठेवल्यावर ९,००० त्यांनी बिनतक्रार कमी केले. बाकीचे १४,००० द्यावे लागले, कारण त्यांच्याबद्दल कोटेशनमध्ये एक शब्द नव्हता. यांच्याकडून काम घेणाऱ्यांनी उघड्या बाजू, फिलर, स्कर्टिंग, कुलपं, हँडल आणि वाहतूक या सहा गोष्टी कोटेशनमध्ये नावानिशी लिहून घ्याव्यात. माणूस फसवणारा नाही, पण लिहिलेलं नसेल ते तो जादा समजतो.

साफसफाई सर्वांत निराशाजनक. रोज संध्याकाळी झाडू मारत, एवढं श्रेय. फरशीवर मात्र फक्त वर्तमानपत्रं अंथरली होती. हॉलच्या दोन टाइल्सवर ओरखडे आहेत. जाड कोरुगेटेड शीट टेप लावून अंथरलं असतं तर हे टळलं असतं आणि ते फारसं महाग नाही. कटर कॉमन बाथरूमच्या दारात चालवला आणि हात, ब्रश तिथेच धुतले, त्यामुळे भुसा आणि गोंदाचं पाणी नहाणी ट्रॅपमध्ये जाऊन तुंबलं. राडारोड्याच्या गोण्या चार दिवस पार्किंगमध्ये पडून राहिल्या. सोसायटीनं २,००० दंड लावला, तो बिलातून वळता केला, त्यांनी ते मान्य केलं.

ड्रॉवर हाताशी आले तेव्हा खरखरत होते. चॅनेल खराब नव्हते, त्यांच्या बेअरिंगमध्ये भुसा होता. ड्रॉवर बाहेर काढून मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमनं चॅनेल साफ करूनच ताबा द्यायला हवा. भुसा असताना वर तेल सोडलं तर तो चिकटतो आणि बेअरिंग लवकर झिजतात.

पैसे टप्प्यानं होते: ३० टक्के आगाऊ, ३० सांगाडे उभे राहिल्यावर, ३० सनमायका लागल्यावर, १० ताब्यानंतर. सिंकखालचं शटर या शेवटच्या १० टक्क्यांमुळेच बदलून मिळालं, दुसऱ्याच आठवड्यात आणि मशीनच्या पट्टीसह. लॉफ्टच्या दाराची पोकळ जागा अजून बाकी आहे, तिच्यापुरते ३,००० राखून बाकी रक्कम दिली आहे.