वादळी पावसानंतरचा दिवस: वीज तक्रार लाईनवर थांबलेल्यांना ऐकवायचा संदेश

(नमस्काराचा संदेश संपला की लगेच. वाचताना घाई नको, पण गोडवाही नको. समोरचा काळोखात बसून ऐकतोय.)

तार तुटून खाली पडली असेल, खांब कलला असेल, ठिणग्या उडत असतील किंवा घरातला रुग्ण ऑक्सिजनच्या मशीनवर असेल, तर आत्ताच शून्य दाबा. तुमचा फोन रांगेत न थांबता पुढे जाईल. कुणाला शॉक बसला असेल तर आमची वाट बघू नका. हा फोन ठेवा आणि १०८ लावा. आग लागली असेल तर १०१.

बाकी सर्वांनी कृपया लाईनवर राहा. काल रात्रीच्या वाऱ्या-पावसात डिचोली, सत्तरी आणि पेडणे तालुक्यांत बऱ्याच ठिकाणी झाडं लायनींवर पडली आहेत. त्यामुळे आज फोन खूप आहेत आणि तुमचा नंबर लागायला पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात. थांबायचं नसेल तर एक दाबून फोन ठेवा. रांगेतली तुमची जागा जाणार नाही. पाळी आली की याच नंबरवर आम्ही फोन करू. मोबाईलचं चार्जिंग संपत आलं असेल तर हाच मार्ग बरा.

या लाईनवर गाणं लावलेलं नाही. मध्ये मध्ये शांतता असेल. अर्ध्या मिनिटाने एकदा बारीक टीं वाजेल, म्हणजे फोन चालू आहे असं समजा.

(एक मिनिटानंतर)

ही सकाळी सातची परिस्थिती आहे. साखळी, होंडा आणि वाळपई या पट्ट्यात ११ केव्हीच्या लायनीवर झाडं आडवी झाली आहेत. कापणी चालू आहे. मये आणि पिळगाव भागात लाईट आली आहे, काही वाडे मात्र अजून बाकी आहेत. पेडण्यात मोरजी आणि मांद्रे इथे खांब बदलावे लागणार आहेत. खांब उभा करायला वेळ लागतो, त्यामुळे तिथल्या लोकांनी दुपारपर्यंत लाईट येईल असं धरून चालू नये. तुमच्या गावाचं नाव आत्ता ऐकलं असेल आणि दुसरी काही तक्रार नसेल, तर फोन ठेवला तरी चालेल. तुमच्या भागाचं काम आमच्याकडे नोंदलेलं आहे. दुपारी बारा वाजता ही माहिती बदलेल.

शेजारच्या वाड्यावर लाईट आली आणि आमच्याकडे का नाही, हा प्रश्न आज बहुतेक जण विचारताहेत. आधी ३३ केव्हीची मोठी लाईन उभी करावी लागते, मग ११ केव्हीचा फीडर, मग ट्रान्सफॉर्मर, आणि सगळ्यात शेवटी खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर. शेजारचा वाडा दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर असेल तर त्याला लाईट आधी मिळते. यात ओळखीपाळखीचा काही संबंध नाही.

(तीन मिनिटांनंतर)

थांबलाच आहात, तर एवढं बघून घ्या. शेजाऱ्याकडे लाईट आहे का? असेल आणि फक्त तुमच्याच घरात काळोख असेल, तर हात कोरडे करून, पायांत चप्पल घालून, कोरड्या जागेवर उभं राहून बोर्ड बघा. ईएलसीबी खाली पडला असेल तर आधी सगळे एमसीबी खाली करा. मग ईएलसीबी वर करा आणि त्यानंतर एमसीबी एकेक करून वर घ्या. ज्या एमसीबीला ईएलसीबी पुन्हा पडतो, त्या लायनीत ओल शिरली आहे. पावसात बहुतेक वेळा अंगणातला दिवा, तुळशीपाशी सोडलेली वायर नाही तर विहिरीवरचा पंप निघतो. तो एमसीबी खालीच राहू द्या आणि वायरमनला बोलवा. बाकी घर चालू राहील. सगळे एमसीबी खाली असूनही ईएलसीबी वर राहत नसेल, किंवा बोर्डावर पाणी ओघळत असेल, तर हात लावू नका.

बल्ब मध्येच भगभगतोय, मध्येच मंद होतोय, असं असेल तर मेन स्विच लगेच बंद करा. न्यूट्रल सुटलेला असू शकतो. अशा वेळी फ्रिज, टीव्ही, पंप काहीही जळू शकतं. ही तक्रार सांगताना "लाईट गेली" म्हणू नका, "व्होल्टेज वर-खाली होतंय" असं सांगा. त्यावर वेगळा माणूस येतो.

(पाच मिनिटांनंतर. हा भाग सगळ्यात सावकाश वाचावा.)

वाटेत, शेतात किंवा पाण्यात तार पडलेली दिसली तर लांब राहा, निदान दहा मीटर. लाईट गेलेली आहे म्हणजे तारेत करंट नाही, असं समजू नका. फीडर कुठल्याही क्षणी चालू होऊ शकतो, आणि एखाद्याच्या जनरेटरचा करंट उलटा लायनीवर येऊ शकतो. बांबूने तार बाजूला करायला जाऊ नका. ओल्या बांबूतून शॉक बसतो. गुरं सोडली असतील तर ती वळवायला तारेकडे धावू नका. तारेजवळ गेलाच असाल तर पाय उचलून पळू नका. दोन्ही पाय जवळ ठेवून, जमिनीला घासत, अगदी छोट्या पावलांनी मागे या. गाडीवर तार पडली असेल तर आतच बसून राहा आणि ११२ वर फोन करा.

जनरेटर लावणाऱ्यांना एक विनंती. चेंजओव्हर स्विच नसेल तर तो घराच्या वायरिंगला जोडू नका. आमचा लाईनमन खांबावर चढलेला असतो.

ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज काठीने बसवून देणारे हुशार लोक प्रत्येक गावात आहेत. आज त्यांना घरी बसवून ठेवा.

(आठ मिनिटांनंतर)

तुम्ही अजून लाईनवर आहात, फोन कटलेला नाही. आमचा माणूस फोनवर आला की तो तीन गोष्टी विचारेल: बिलावरचा सीए नंबर, गाव आणि वाडा, आणि जवळची खूण. बिल सापडत नसेल तर शोधत बसू नका, खूण नीट सांगा. "देवळाजवळ" म्हटलं तर गावात चार देवळं असतात. कुठलं देऊळ, त्याच्या कुठल्या बाजूला, खांबावर नंबर रंगवलेला आहे का, झाड कसलं पडलंय, फांदी की अख्खं झाड, हे सांगितलंत तर करवत न्यायची की शिडी, ते आम्हांला इथूनच ठरवता येतं. कोंकणी, मराठी, हिंदी, तोंडात येईल त्या भाषेत बोला.

बिलाची चूक, नवीन कनेक्शन, मीटरवरचं नाव बदलणं ही कामं आज या लाईनवर घेत नाही. त्यासाठी कार्यालयीन वेळेत तुमच्या सब डिव्हिजनला जावं.

लाईट येण्याआधी गिझर, इस्त्री, एसी आणि पंपाची बटणं बंद करून ठेवा. एक बल्ब चालू ठेवा, म्हणजे लाईट आलेली कळेल. सगळ्या घरांचा भार एकदम पडला की फ्यूज पुन्हा उडतो.

(पाळी आल्यावर)

तुमचा फोन आता जोडत आहोत. मध्येच कट झाला तर पुन्हा लावू नका, पाच मिनिटांत आम्हीच फोन करू. बोला.