मागची पानं

रात्री पावणेदहाला मानसीच्या मोबाईलवर तो पांढरा चौकोन आला. "Your plan has expired. Renew to continue." खाली निळं बटण. तिला वाटलं नेट गेलं असेल. हर्णैला ते जातंच, त्यात त्यांचं घर पाजेच्या उताराला, दोन खोल्यांपैकी एकीतच रेंज. तिने मोबाईल बंद करून चालू केला, ओसरीवर जाऊन उभी राहिली. चौकोन तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दापोलीत क्लासची मॉक होती. सीईटीसारखीच, कॉम्प्युटरवर. आधी फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, मग मॅथ्सचे पन्नास पुढच्या नव्वद मिनिटांत. मॅथ्सला प्रश्नाला दोन मार्क, बाकीच्यांना एक, एकूण 200. खरी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. क्लासने सांगितलं होतं, या मॉकमध्ये जे वरचे दहा येतील त्यांना शेवटच्या पंधरा दिवसांच्या बॅचची फी माफ. गेल्या मॉकला तिला 104 होते आणि नंबर सतरावा.

व्हिडिओ बंद झाले त्याचं तिला तेवढं काही वाटलं नाही. डाऊनलोड करून ठेवलेलेही उघडत नव्हते, नावांपुढे कुलूप दिसत होतं. पण रिव्हिजनला व्हिडिओ कोण बघतं? तिचा जीव अडकला होता तो 'My Mistakes' मध्ये. सप्टेंबरपासून सोडवलेल्या हजारो प्रश्नांपैकी जे चुकले, ते ॲप आपोआप तिथे टाकायचं. मानसीने त्यातले 214 निवडून खूण केली होती. प्रत्येकाखाली एक-दोन ओळी टाईप केल्या होत्या: इथे चिन्ह चुकलं, इथे सेंटीमीटरचे मीटर केले नाहीस, इथे प्रश्न नीट वाच. आजची सगळी रात्र त्या 214 साठी राखून ठेवली होती.

क्लासचे सर पहिल्या दिवसापासून सांगायचे, चुका वहीत उतरवा. तिला ते जुनं वाटायचं. ॲप ठेवतंय की व्यवस्थित, धडावार, तारखेसकट.

तिने निळं बटण दाबलं. गेले सात महिने महिन्याला 399 जायचे, बाबांच्या खात्यातून ऑटोपेने. आता महिन्याचा पर्यायच दिसेना. समोर एकच आकडा होता, वर्षाचे 3,499. जुनी योजना नव्या लोकांसाठी बंद झाली होती, आणि एक हप्ता चुकल्याबरोबर मानसी नवीन ठरली होती.

हप्ता का चुकला ते तिला लगेच कळलं. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी मेसेज येतो, उद्या इतके जातील म्हणून. तो आला असणार बाबांच्या मोबाईलवर. आणि बाबांचा मोबाईल बाबांबरोबर बोटीवर, चार दिवसांपासून समुद्रात, जिथे टॉवरचा पत्ता नाही. बोट नाखव्याची, बाबा खलाशी. निघायच्या आधी खात्यात होते ते पैसे काढून त्यांनी घरात दिले होते, गॅस आणि किराणा. खात्यात कदाचित दोनशे रुपये असतील. त्यात कुणाची चूक काढायची?

"काय गो झालं?" आई आतून म्हणाली. ती दुसऱ्या दिवशीच्या पाट्या धुऊन पालथ्या घालत होती.

"ॲप बंद झालं."

"मग चालू कर."

"पैसे भरायला लागतील. साडेतीन हजार."

आई हात पुसत बाहेर आली. काही न बोलता खाली बसली. तिच्याकडे साडेतीन हजार होते. डब्यात होते, मानसीलाही माहीत होतं. ते उद्या संध्याकाळी बंदरावर लिलावात लागणार होते. तिथे उधार चालतं, पण ज्याच्या हातात रोख त्याला पाटी आधी मिळते, आणि आईची मागची उधारी अजून फिटलेली नव्हती. माल घेतला नाही तर परवा दापोलीच्या बाजारात काय विकणार?

"देते," आई म्हणाली. "बाबा आले की बघू."

"नको."

"अगो पण परीक्षा—"

"मॉक आहे आई. खरी नाही." हे बोलताना तिचा घसा दाटून आला, कारण तिला ती खरीच वाटत होती. शेजारच्या सुलभाकाकींच्या मुलाकडे मागता आले असते. त्याने दिलेही असते. पण फेब्रुवारीत प्रॅक्टिकलच्या वेळी घेतलेले पाचशे अजून परत गेले नव्हते.

मग लाईट गेली.

एप्रिलमधली हर्णैची रात्र म्हणजे पंखा बंद झाला की पाच मिनिटांत गळ्यापर्यंत घाम. आईने मेणबत्ती लावली आणि कोनाड्यातली आपली हिशोबाची वही काढून मानसीपुढे टाकली. लाल कापडी पाठीची, कोपऱ्यांवर पाण्याचे डाग, उघडली की मासळीचा वास. "तुला आठवतंय तेवढं लिही की," ती म्हणाली. "मला नाही का आठवत, कोणाला किती बांगडे दिले ते. घरी आल्यावर लिहिते. मागची पानं कोरी आहेत."

मानसीला राग आला. बांगड्यांचा हिशोब आणि हे एक आहे का? 214 प्रश्न कोणाला आठवतात? तरी तिने वही उलटी केली, मागून पहिलं पान उघडलं आणि हाताला चाळा म्हणून एक लिहिला. बँक्ड रोड, तिथे तिने साइन आणि टॅन उलटे घेतले होते. मग दुसरा. मग रसायनमधला, सेल पोटेन्शियलचा, कॅथोडमधून ॲनोड वजा करायचं ते ती उलट करायची. प्रश्न शब्दाला शब्द आठवत नव्हता, पण आपण कुठे घसरलो ते लख्ख आठवत होतं, आणि त्या दिवशी काय झालं होतं तेही. हा चुकला तेव्हा बाहेर पाऊस होता. हा चुकला तेव्हा बाबांना ताप होता आणि ती मध्येच उठून कपाळावर पट्टी ठेवत होती. ॲपमध्ये तारीख होती, पण हे नव्हतं.

साडेअकरापर्यंत 41 झाले. त्यातले काही ती सोडवूनही बघत होती, मेणबत्तीच्या उजेडात, पेन्सिलने. एकच एक अडला. एका टोकाला बंद असलेल्या नळीतला आवाज. पहिला अनुनाद 16 सेंटीमीटरला, दुसरा 50 ला, तर एंड करेक्शन किती? हा तिचा तीनदा चुकला होता. सूत्र पाठ करायची आणि दोन दिवसांत विसरायची. पाणी वर आलं की आवाज चढतो की उतरतो, इथूनच तिचा गोंधळ सुरू व्हायचा. तिने त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि वहीवरच डोकं ठेवून झोपली.

पहाटे साडेचारला नळाला पाणी आलं. लाईट अजून नव्हती. आई मोरीत हंडे भरत होती आणि मानसी अर्धवट झोपेत तो आवाज ऐकत होती. आधी खोल, जाड, हंड्याच्या पोटातून येणारा. मग हळूहळू बारीक, वर वर, आणि अगदी काठाशी आल्यावर शिट्टीसारखा. त्या क्षणी आईने नळाखालून हंडा ओढला, दुसरा सरकवला. एक थेंब बाहेर सांडला नाही. मिट्ट काळोख होता.

मानसी उठून मोरीच्या दारात उभी राहिली. "तुला कसं कळतं भरला ते?"

"आवाजावरनं. तुला नाही कळत?"

दुसरा हंडा भरेपर्यंत ती तिथेच उभी होती. हवेची जागा कमी, आवाज वर. हवेची जागा जास्त, आवाज खाली. हंड्याच्या तोंडाशी हवा थोडी बाहेरही हलत असणार, तेवढी लांबी जास्त धरायची, तेच एंड करेक्शन. म्हणून दुसरी लांबी पहिलीच्या बरोबर तिप्पट येत नाही. 16 त्रिक 48, आले 50, फरक दोनचा, त्याचा अर्धा, एक सेंटीमीटर. तिने आत जाऊन मेणबत्तीचा तुकडा पेटवला, प्रश्नचिन्ह खोडलं आणि शेजारी लिहिलं: हंडा.

सकाळच्या एसटीत तिला बसायला जागा मिळाली. आसूदच्या वळणांवर वही मांडीवरून घसरत होती, ती एका हाताने धरून तिने 41 च्या 41 वाचले. शेजारच्या बाईने एकदा नाक मुरडलं, वहीच्या वासाने. मानसीने वही मिटली नाही.

मॉकमध्ये नळीचा प्रश्न आलाच नाही. बँक्ड रोड आला, सेल पोटेन्शियल आलं, बाकी बरेच असे आले जे तिच्या कुठल्याच यादीत नव्हते. मॅथ्सला वेळ कमी पडला. शेवटचे सहा तिने अंदाजाने टिक केले, चुकीला मार्क कापत नाहीत म्हणून. सबमिट केल्यावर स्क्रीनवर 119 आले. संध्याकाळी क्लासच्या ग्रुपवर यादी आली, तिचा नंबर बारावा. फी माफ नाही.

बाबा तिसऱ्या दिवशी आले. बंदराजवळ येताच त्यांचा मोबाईल एकामागून एक वाजत राहिला आणि त्यात तो मेसेज होता, उद्या 399 कापले जातील, खात्यात शिल्लक ठेवा. ते तो मेसेज उघडा धरूनच घरात आले. पायात अजून ओली चप्पल.

"हे माझ्यामुळे झालं काय गो?"

"नाही बाबा."

"भरूया. हिशोब झाला की भरतो." या फेरीत सुरमई बरी मिळाली होती, हिश्शाचे पैसे दोन दिवसांत येणार होते. 3,499 म्हणजे त्यातला मोठा भाग.

मानसी खूप वेळ गप्प राहिली. तिला ते 214 हवे होते. मनापासून हवे होते, तिची सात महिन्यांची मेहनत त्या कुलपामागे होती आणि ती तशी मागे सोडायची हे अजूनही गळ्याशी येत होतं. "बॅचची फी भरा," ती शेवटी म्हणाली. "दोन हजार आहे. तिथे सरांना विचारता येतं."

बाबांनी मान हलवली. त्यांनी मोबाईल खिशात टाकला, मग पुन्हा काढला आणि तिच्या हातात दिला. "पुढच्या फेरीला हा घरी ठेवून जातो. मला तिकडे काय उपयोग?"

मॉकमधले चुकलेले ती त्या रात्री लिहायला बसली. मेलेली लाईट आज होती. एका पानावर चारच बसत होते, कारण आता ती चुकीखाली नुसतं उत्तर न लिहिता कसं घसरलो तेही लिहीत होती. उरलेली कोरी पानं चाळताना समोरून आईचे आकडे दिसू लागले, पाटी, भाव, उधार, नाव.

आईने खांद्यावरून वाकून बघितलं. "काय गो, किती पानं खातेस माझी?"

"अजून तीस लागतील."

"वीस घे. मला 31 मेपर्यंत पुरायला हवीत, मग बोटी बंद."

"पंचवीस."

आईने वही हातात घेतली, अंगठ्याने कोरी पानं मोजली, आणि पंचविसाव्याचा कोपरा दुमडून परत दिली.