थांबलो होतो तिथून पुढं : तासगावच्या शेडवरचा बेदाणा

नमस्कार दादा,

बेदाण्याचं बोलणं जिथं राहिलं तिथून पुढं सुरू करू. माझा जुना फोन बंद पडला, तुमचाही नंबर बदलला. मागचे मेसेज आणि फोटो आता दोघांकडंही नाहीत, म्हणून काय काय झालंय ते परत लिहितो.

माल थॉमसन, २ टन, म्हणजे २० किलोची १०० क्रेट. गोडी २३ ब्रिक्स. १२ मार्चला बुडवून जाळीवर टाकला. १०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल. पावडर आधी पूर्ण विरघळवली, मग तेल. उलटं केलं की तेल वर तरंगतं आणि काही घडांना लागतच नाही. क्रेट ४ मिनिटं बुडवून निथळू दिलं. १५ मार्चला हलका स्प्रे झाला : १०० लिटरला दीड किलो पावडर, १.१ लिटर तेल.

आज १८ तारीख, सहावा दिवस. वरच्या मजल्यांवर मणी हिरवाच राहून सुरकुतलाय. खालच्या दोन मजल्यांवर मात्र मणी अजून फुगीर, देठाजवळ तांबूस कडं धरलंय, दाबला की चिकट रस येतो. दोन दिवस ढगाळ आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, 'खाली वारा कमी पडतोय, की द्रावण कमी पडलं?' त्याचं उत्तर आज सकाळी बघून घेतलं. खालच्या मजल्यांवर शेवटची १५ क्रेट गेली आहेत. एकाच टाकीत क्रेट बुडवत गेल्यानं द्राक्षांच्या रसातलं आम्ल पाण्यात उतरलं, आणि तोवर पीएच ११ वरून ९ वर आला होता. तेवढ्या द्रावणानं सालीवरचा मेणाचा थर नीट मोडत नाही, आतलं पाणी बाहेर निघत नाही आणि मणी वाळण्याआधी लाल पडतो. त्याच खालच्या मजल्यावर पूर्वेच्या टोकाला सुरुवातीच्या टाकीतली दोन क्रेट आहेत, ती व्यवस्थित सुरकुतली आहेत. वारा दोन्हींना सारखाच, म्हणून मला दोष द्रावणाचाच वाटतो.

आता एवढं सांगा :
फक्त त्या १५ क्रेटच्या मालावर १५ तारखेच्या मापानं परत स्प्रे मारू का? मारला तर उद्या ऊन पडल्यावर सकाळी १० च्या आत मारीन, म्हणजे रात्रीच्या दमटपणात ओला राहणार नाही. की माल वरच्या रिकाम्या जाळीवर पसरून पंखा लावू?

लाल पडलेला माल वेगळाच काढणार आहे. हिरव्यात मिसळला तर सगळा लॉट खालच्या भावात जाईल. गंधकाची धुरी माल पूर्ण वाळल्यावरच.

पश्चिमेची शेडनेट खाली सोडली आहे. दोन्ही मजल्यांचे फोटो पाठोपाठ टाकतोय. संध्याकाळी ६ पर्यंत कळवा, म्हणजे पावडर आजच आणून ठेवतो.