आजोबांच्या हजाराव्या पौर्णिमेचं आमंत्रण : त्यांच्या भाषेत, आमच्या भाषेत आणि नेहाच्या हिंदीत

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥
॥ जीवेत शरदः शतम् ॥

स. न. वि. वि.

आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे तीर्थरूप श्री. यशवंत रामचंद्र केळुसकर यांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा शालिवाहन शके १९४८, पराभवनाम संवत्सर, आश्विन शुद्ध कोजागिरी पौर्णिमा, रविवार दि. २५ ऑक्टोबर २०२६ रोजी सायंकाळी ६ वाजल्यापासून करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार व इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करून या मंगल प्रसंगाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा.

आपले विनीत,
सौ. माधवी व श्री. अविनाश केळुसकर
सौ. अंजली व श्री. प्रकाश तावडे (नेरूळ)

स्थळ : प्राजक्त सोसायटीची गच्ची, घंटाळी देवी मंदिराजवळ, नौपाडा, ठाणे (पश्चिम)

आमचे येथे आहेर स्वीकारला जात नाही. (एक अपवाद आहे, तो खाली वाचा.)

—

तर मंडळी, वरचं सगळं आजोबांनी स्वतः सांगितलं आणि बाबांनी लिहून घेतलं, आम्ही नातवंडांनी त्यातला एक काना पण हलवलेला नाही. तन्मयने 'योजिले आहे' च्या जागी 'ठरवलं आहे' करून बघितलं होतं तर आजोबा म्हणाले, ठरवतात ती पिकनिक. मग तह असा झाला की पहिलं पान त्यांचं, त्याच्या खालचं आमचं, आणि दोन्ही सगळ्यांनी वाचायचं, म्हणजे कझिन्सनी वरचं स्क्रोल करून टाकायचं नाही आणि काकालोकांनी खालचं पोरकट म्हणून सोडायचं नाही, कारण येण्याजाण्याचं आणि जेवणाचं सगळं खालीच आहे.

आधी हे सहस्रचंद्रदर्शन म्हणजे काय ते सांगतो, कारण ऑफिसमध्ये तीन जणांनी मला ग्रहण आहे का विचारलं. माणसाने जन्मात हजार पौर्णिमा बघितल्या की त्याचा हा सोहळा करतात. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, त्यामुळे हजार व्हायला ऐंशी वर्षं पुरत नाहीत, वर नऊ-दहा महिने लागतात, म्हणून लोक ढोबळमानाने एक्याऐंशीव्या वर्षी करतात. आजोबा ढोबळमानाने काही करत नाहीत हे तुम्हाला माहितीये. जन्म ४ जानेवारी १९४६ चा, त्यानंतरची पहिली पौर्णिमा पौषातली, १७ जानेवारीची, तिथून त्यांनी वहीत रकाने पाडून मोजलं. नेहमीच्या महिन्यांच्या ९७० आणि अधिक मासांमुळे जादा पडलेल्या ३०, यावर्षीचा अधिक ज्येष्ठ धरून, की हजारावी नेमकी कोजागिरीची येते. ऋचाने कम्प्युटरवर ताळा केला, तोच आकडा आला, आणि तो आल्यावर आजोबांनी फक्त चष्मा पुसला. आजीचं म्हणणं, त्यातल्या सातशेच्या आसपास माझ्यासोबतच्या आहेत तेव्हा अर्ध्याहून जास्त सोहळा माझा, आणि लग्न १९७० चं आहे त्यामुळे हिशोबात ती बरोबर आहे. म्हणून औक्षण दोघांचंही होणार.

'पराभवनाम संवत्सर' वरून पण घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. आत्याचं म्हणणं एवढ्या शुभकार्याच्या पत्रिकेत पराभव कशाला, संवत्सर गाळा की. आता साठ संवत्सरांच्या चक्रात शके १९४८ च्या वाट्याला तेच नाव आलंय त्याला कोण काय करणार. आजोबा म्हणाले, पंचांगात आहे ते छापा, ऐंशी वर्षं हरत हरत इथवर आलोय. छापलं.

आता कार्यक्रम. होम आणि पूजा सकाळी घरच्या घरी आहे, जागा छोटी आणि धूर फार, त्यामुळे तेव्हाचं आमंत्रण नाही, कृपया राग मानू नका. तुम्ही सगळ्यांनी यायचं ते संध्याकाळी सहाला थेट गच्चीवर. चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो पण पूर्वेला नवीन टॉवर झालाय, त्याच्या मागून तो आमच्या गच्चीवर दिसायला साडेसात वाजतील असा अंदाज आहे. (हा टॉवर नव्हता तेव्हा इथून पारसिकचा डोंगर दिसायचा हे आजोबा तुम्हाला सांगतीलच, पहिल्यांदा ऐकतोय असा चेहरा ठेवा.) चंद्र दिसला की औक्षण, त्यानंतर तुला.

तुला म्हणजे तागडीच्या एका पारड्यात आजोबा आणि दुसऱ्यात गूळ किंवा धान्य, असं पूर्वी करायचे. आजोबांना वह्या पाहिजेत. वागळे इस्टेटच्या कारखान्यात लागले तेव्हा पहिल्या पगारातून त्यांनी धाकट्या भावाला गावी वह्या पाठवल्या होत्या, तेव्हापासूनचं ते डोक्यात असावं, त्यांनी तसं सांगितलेलं नाही, आजीने सांगितलं. तर आहेर नाहीच, पाकीट नाही, बुके तर अजिबात नाही, दुसऱ्या दिवशी ते ओल्या कचऱ्यात टाकताना आजीचा जीव जातो. आणायचीच असेल तर प्रत्येकी एक दोनशे पानी लाँगबुक आणा, रेघांची. वजन ५८ किलो आहे, कमी पडलं तर उरलेलं आम्ही भरू, जास्त झालं तर उत्तमच, सगळ्या वह्या दिवाळीच्या सुट्टीनंतर जवळच्या पालिकेच्या शाळेत जाणार आहेत.

जेवण मालवणी आणि शाकाहारी. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, बटाटेवडे, सोलकढी. आंबोळ्या केटररच्या नाहीत, आई आणि सोसायटीतल्या दोघी जणी गरम काढणार आहेत त्यामुळे ताटं घेऊन रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. शेवटी मसाला दूध, जायफळ बेताने घातलंय कारण मागच्या कोजागिरीला प्रकाशकाका सतरंजीवर झोपले ते पहाटेपर्यंत. शुगरवाल्यांसाठी बिनसाखरेचं वेगळं पातेलं आहे, त्याच्यावर चिठ्ठी लावलेली असेल, आणि ती चिठ्ठी ज्यांच्यासाठी आहे त्यांना ती दरवर्षी दिसत नाही एवढंच इथे म्हणतो.

माईक दहाला बंद. त्याच्यापुढे बारापर्यंत ज्यांना जागायचंय त्यांनी हळू आवाजात जागायचं, दुधात चंद्र बघायचा आणि मग निघायचं. ज्यांना सोमवारी ऑफिस आहे त्यांनी 'को जागर्ति' विचारलं तर हात वर करू नका.

येण्याचं. गाडी आणू नका. खरंच आणू नका. दिवाळीच्या दोन आठवडे आधीचा रविवार आहे, राम मारुती रोडला मुंगी शिरायला जागा नसते आणि आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन घरं सात वर्षं बोलत नाहीयेत. ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरून चालत पंधरा मिनिटं, रिक्षाने आलात तर 'घंटाळी मंदिर' सांगा. नवी मुंबईवाल्यांनी ट्रान्स हार्बरने यायचं, तुम्ही ९-१० नंबरला उतराल तिथून पूल चढून पश्चिमेला या, आणि रविवार आहे म्हणून मेगाब्लॉक बघून निघा. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते, वर गच्चीला चौदा पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी ओंकार आणि तन्मय खुर्ची घेऊन उभे असतील, लाजू नका, बसा, ते दोघं जिमचे पैसे भरतात.

किती जण येताय ते फॅमिली ग्रुपवर १५ ऑक्टोबरपर्यंत आकड्यात कळवा. नुसता अंगठा टाकू नका, अंगठ्याला किती आंबोळ्या लागतात ते कळत नाही.

—

हिंदी में, नेहा की तरफ़ से

आदरणीय पड़ोसियो, और मेरे लखनऊ वाले घर के सब लोगो,

हमारे दादाजी श्री यशवंत केळुसकर २५ अक्टूबर को अपनी हज़ारवीं पूर्णिमा देखेंगे। मराठी घरों में इसे सहस्रचंद्रदर्शन कहते हैं और बड़े चाव से मनाते हैं। संयोग से उस दिन शरद पूर्णिमा भी है, तो हमारे यहाँ की खीर यहाँ मसाला दूध बनकर मिलेगी। आप सपरिवार पधारें, शाम छह बजे, प्राजक्त सोसायटी की छत पर। उपहार न लाएँ, मन हो तो एक कॉपी ले आएँ, दो सौ पन्नों वाली।

ऊपर मराठी में एक शब्द है, 'अगत्य'। चार साल से इस घर में हूँ, इसका हिंदी में एक शब्द नहीं ढूँढ पाई। 'अवश्य' लिखा तो दादाजी बोले, इसमें हुकुम है। 'कृपया' लिखा तो बोले, इसमें दूरी है। आप आएँगे तो वे दरवाज़े तक लेने आएँगे और पूछेंगे कि खाया कि नहीं, बस वही समझ लीजिए।

—

नेहाचं वाचून दाखवलं तेव्हा आजोबा म्हणाले, हे वर घ्या, माझं खाली टाका. टाकलं नाही, कारण मग श्री गजानन मधेच आले असते.

तुमचेच,
ऋचा, ओंकार, नेहा, तन्मय

किलबिल :
माझ्या पणजोबांच्या हजाल चांदोबांना यायचं हं, मी दूध वातणाल आहे!
– इरा (वय वर्षं साडेतीन)

ता. क. : ऑक्टोबरच्या शेवटीही ठाण्यात कधीकधी पाऊस येतो, आला तर सगळं खाली पार्किंगमध्ये होईल, गाड्या काढायला त्या दोन्ही घरांनी होकार दिलाय, वेगवेगळा. चंद्र ढगात असला तर आजोबा म्हणतात, ९९९ मधले पावसाळ्यातले किती दिसले होते, तरी मोजलेच ना.