अस्थिरोग विभाग, युनिट २, सोलापूर : रात्रपाळीसाठी हस्तांतर टिपण

वेळ : रात्री ८. क्रम खाटांचा नसून काळजीचा आहे, त्यामुळे पहिली फेरीही याच क्रमाने घ्यावी.

खाट ४ : आज रात्रीचा सर्वांत जोखमीचा रुग्ण. वय २४, अक्कलकोट रस्त्यावर दुचाकीचा अपघात, उजव्या टिबियाचे बंद फ्रॅक्चर. आज दुपारी २ वाजता स्पायनल भूल देऊन नेलिंग केले असून भुलेचा असर साडेपाचपर्यंत पूर्ण उतरला आहे. सव्वासात वाजता ट्रॅमाडॉल देऊनही अर्ध्या तासात त्याने पुन्हा कळ येत असल्याचे सांगितले. पाऊलाची नाडी लागते, बोटे गुलाबी व उबदार आहेत, अंगठा वर उचलता येतो, मात्र अंगठा आपण हाताने खाली वाकवला की तो दात आवळतो. पोटरी दुपारपेक्षा घट्ट लागते, पण अजून दगडासारखी नाही. दर तासाला, शक्यतो एकाच डॉक्टरने, वेदना, बोटे ताणल्यावरची कळ, अंगठ्यालगतच्या बेचक्यातील संवेदना आणि पोटरीचा घट्टपणा तपासून वेळेसह नोंद करावी. नाडी लागते म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये नाडी फार उशिरा जाते. कळ वाढल्यास केवळ वेदनाशामकाचा पुढचा डोस देऊन त्याला झोपवू नये; आधी बँडेज व कापूस थेट त्वचेपर्यंत पूर्ण मोकळा करावा, पायाखालची उशी काढून पाय हृदयाच्या पातळीवर ठेवावा, रक्तदाब खाली जाऊ देऊ नये आणि त्याच वेळी ऑन-कॉल सरांना फोन करावा. वॉर्डात कंपार्टमेंटचा दाब मोजण्याची सोय नसल्याने निर्णय तपासणीवरच घ्यावा लागेल. रात्री ११ च्या तपासणीपर्यंत त्याला तोंडाने काहीही द्यायचे नाही. फॅसिओटॉमीची शक्यता वडिलांना समजावून सांगितली असून त्यांची सही घेतली आहे.

खाट ९ : ट्रॅक्शन. वय ३१, मोहोळजवळ उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडला, डाव्या फीमरचे फ्रॅक्चर. टिबियाच्या वरच्या भागातील पिनवर ८ किलो वजन असून पायथा विटांवर उचललेला आहे. दुखापत काल सकाळची आहे, म्हणजे फॅट एम्बोलिझमची भीती असलेला काळ चालू आहे. श्वासाची गती, एसपीओटू (सध्या हवेवर ९६ टक्के) आणि शुद्ध दर दोन तासांनी पाहावी, छाती व काखेतील बारीक लाल ठिपके टॉर्चने शोधावेत. ९४ च्या खाली गेल्यास ऑक्सिजन लावून फिजिशियनना बोलवावे. त्याचा भाऊ 'जरा आराम पडावा' म्हणून वजन उचलून स्टुलावर ठेवतो. हे आज दोनदा आढळले व दोन्ही वेळा समजावून सांगितले, तरी रात्री एकनंतर, सगळे झोपले की, वजन अधांतरी आहे ना हे स्वतः पाहावे. पाऊल वर उचलता येते का हेही पाहावे, कारण स्प्लिंटचा दाब फिब्युलाच्या डोक्याशी पडू शकतो. उद्या सकाळी १० वाजता पहिली केस आहे : रात्री १२ नंतर अन्न बंद, दोन पिशव्या रक्त राखून ठेवले आहे. एनॉक्झापॅरिन ४० मिलिग्रॅम रात्री ८ ला दिले असून शस्त्रक्रियेआधी पुढचा डोस द्यायचा नाही.

खाट २ : आजची हेमिआर्थ्रोप्लास्टी. वय ६८, महिला, उजवा खुबा. ड्रेनमध्ये १८० मिलि रक्त आहे. रात्री १० वाजता हिमोग्लोबिनचा अहवाल पाहून ८ च्या खाली असल्यास रक्त द्यावे. मांड्यांमधील उशी काढू नये, कूस बदलतानाही नाही. पाय अचानक आखूड व आत वळलेला दिसला आणि असह्य दुखू लागले, तर एक्स-रे होईपर्यंत पाय ओढून पाहू नये.

खाट ११ : त्वचेचे ट्रॅक्शन, ३ किलो. वय ७२, दुधनीकडच्या आजी, खुब्याचे फ्रॅक्चर. सोडियम १२६ असल्याने शस्त्रक्रिया लांबली आहे. आजींना केवळ कन्नड येते आणि विचारले की त्या 'बरं आहे' अशा अर्थाने मान हलवतात, म्हणून त्यांच्या मान डोलावण्यावर विसंबू नये : टाच व माकडहाड उघडून पाहावे. रात्रीच्या सिस्टर कन्नड बोलतात, फेरीत त्यांना सोबत घ्यावे.

खाट १५ : १४ महिन्यांचे बाळ, गॅलोज ट्रॅक्शन. ढुंगण गादीपासून हाताचा तळवा सरकेल इतकेच उचललेले असावे, दोन्ही पायांची बोटे दर दोन तासांनी पाहावीत. ती निळसर किंवा गार वाटल्यास बँडेज लगेच सोडावे. आईने दूध पाजण्यासाठी दोऱ्या सोडू नयेत हे तिला सांगितले आहे.

खाट ६ : उघडे टिबिया फ्रॅक्चर, एक्स्टर्नल फिक्सेटर, दुसरा दिवस. ताप नाही, अँटिबायोटिकचा डोस रात्री १० ला. ड्रेसिंग उद्या सरांसमोरच उघडायचे आहे.

खाटा १, ३ आणि ८ स्थिर आहेत, नेहमीचीच देखरेख.

ऑन-कॉल सर रात्री ११ पर्यंत इमर्जन्सी ओटीमध्ये आहेत. खाट ४ साठी तेथेही निरोप पोहोचवावा, केस संपण्याची वाट पाहू नये. सकाळी ६ ला खाट ११ चे सोडियम आणि खाट २ चे हिमोग्लोबिन पाठवावे.

दिवसपाळीचे ज्येष्ठ निवासी डॉक्टर, युनिट २