बाई, एक सांगायचं होतं

"बाई, एक सांगायचं होतं." नको. त्यांना वाटेल, मागची बाकी मागतेय.

"बाई, तुम्ही मला ओळखलं नाहीत." हेही नको, टोचल्यासारखं होतं.

सरळच सांगते. "बाई, मी सुनंदा. परळच्या म्युन्सिपाल्टीच्या शाळेत तुमच्या सातवीच्या वर्गात होते. खिडकीजवळ बसायचे." मान खाली घालूनच बोलेन. हातात मोगरा आणि सुई असली की बोलायला बरं पडतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच सकाळी मी ओळखलं हो. दुर्वांची जुडी घेतलीत आणि उभ्या उभ्या एकेक काडी मोजलीत, एकवीस भरेपर्यंत. ओठ तसेच हलत होते, आमची हजेरी घेताना हलायचे तसे. मी काही बोलले नाही. शाळा सोडलेली पोरगी फूटपाथवर फुलं विकतेय, हे बघून तुम्ही हळहळाल, याची भीती वाटली.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. बाबा साचेखात्यात होते. महिनाभरात मिटेल म्हणायचे सगळे. पाऊस सरला, गणपती गेले, तरी मिटेना. आई दादरहून कळ्या आणायची आणि रात्री आम्ही दोघी गजरे करायचो. सकाळी डोळा उघडायचा नाही. दिवाळीनंतर मी शाळेत गेलेच नाही.

तुम्ही चाळीत आलात. जिने चढून दम लागला होता तुम्हाला. "हिला घालवू नका, गणितात पक्की आहे," असं म्हणालात. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले ते वळलेच नाहीत. परत आलात, तेव्हाही तेच. उद्धट माणूस, असंच वाटलं असणार तुम्हाला.

तसं नव्हतं हो बाई. तुमच्यापुढे चहा ठेवायला घरात चिमूटभर साखर नव्हती. तुम्ही जिना उतरलात आणि बाबा ढसाढसा रडले. "एवढी चांगली बाई, दारातून तशीच गेली," म्हणत राहिले. संप फुटला, गिरणीनं परत घेतलं नाही, पण तुमची आठवण शेवटपर्यंत काढायचे. हे तुम्हाला सांगायचं माझ्याकडेच राहिलंय. बाकी काही बोलता आलं नाही तरी चालेल, एवढं मात्र सांगणार.

जमलं तर वहीपण दाखवेन. कोणाची किती उधारी, आज झेंडू काय भावानं आला, सगळं माझ्या हातचं. हातचे धरायला तुम्हीच शिकवलंत. या रांगेतल्या बायका हिशेब माझ्याकडूनच करून घेतात. म्युन्सिपाल्टीची नोटीस आली की वाचायलाही माझ्याकडेच येतात. म्हणून हळहळू नका.

आणि आज पैसे घेणार नाही. नाही, तसं केलं तर त्या उद्यापासून यायच्याच नाहीत. घेईन पैसे. वर एक सोनचाफा देईन, तो तरी नाकारणार नाहीत.

आल्या वाटतं. हो, त्यांचीच कापडी पिशवी.

"या बाई. पिवळी शेवंती काढून ठेवलीय. पण पुडी जरा थांबून बांधते, आधी ह्या स्टुलावर बसा."