तेरीज जुळली तरी थांबू नका

माननीय चेअरमनसाहेब, कार्यकारी संचालकसाहेब आणि अकाउंट विभागातल्या मंडळींनो,

सत्काराबद्दल मनापासून आभार. आता जे बोलणार आहे ते नव्याने खतावणीला बसलेल्या मुलामुलींसाठी.

व्हाउचर ज्या दिवसाचं, नोंद त्याच दिवशी. नोंदीखालचा तपशील असा लिहा की पाच वर्षांनी आलेल्या लेखापरीक्षकाला कुणाला विचारावं लागू नये. नुसतं ‘ऊस पेमेंट’ हा तपशील नव्हे. पंधरवडा, गट, सभासद क्रमांक आणि बिल क्रमांक हवा. एकाच गावात एकाच नावाचे चार सभासद असतात, म्हणून नावावरून खातं उघडू नका, क्रमांकावरून उघडा.

रोख रोजच्या रोज, नोटांच्या वर्गवारीसह मोजा आणि किर्दीवर दोघांच्या सह्या घ्या.

तेरजेत फरक आला की आधी फरकाच्या आकड्याकडे बघा. 9 ने भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी: 5,400 चे 4,500 झाले की फरक 900. फरक 2,480 असेल तर 1,240 ची रक्कम शोधा, ती नावेऐवजी जमेला पडलेली असू शकते. फरक उचंत खात्यात ढकलून तेरीज जुळवू नका. तिथे टाकलेली चूक मार्चअखेर दुसऱ्या चुकीत मिसळते आणि मग दोन्ही सापडत नाहीत.

आणि तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं समजू नका. एका वाहतूकदाराचा अ‍ॅडव्हान्स दुसऱ्याच्या नावे पडला, किंवा नव्या पंपाची खरेदी दुरुस्ती खर्चात गेली, तरी तेरीज जुळतेच. म्हणून हंगामापूर्वी प्रत्येक तोडणी-वाहतूक ठेकेदाराकडून बाकीचा दाखला सहीनिशी घ्या.

बँक जुळवणी हंगामात दर आठवड्याला करा, महिन्याने नव्हे. सगळ्यात जास्त जपायचं ते परत आलेल्या एनईएफटीला. खातं क्रमांक चुकला की पैसे बँकेतून परत येतात, पण आपल्या खतावणीत शेतकऱ्याला बिल दिल्याचं दिसतं. तो माणूस खिडकीशी उभा असतो आणि आपण त्याला ‘पेमेंट झालंय’ म्हणून परत पाठवतो. हे होता कामा नये. ऊस बिल 14 दिवसांत द्यायचं बंधन आहे, उशीर झाला तर व्याज लागतं. परतीची नोंद त्याच दिवशी सभासदाच्या खात्यावर जमा करा, पासबुकावरून क्रमांक तपासा आणि पैसे पुन्हा पाठवा. यादी बँकेला देण्यापूर्वी एकूण रक्कम आणि सभासदसंख्या, दोन्ही पडताळा. नुसत्या रकमेवर भरवसा ठेवू नका.

चुकलेली नोंद खोडू नका, पुसू नका. उलट नोंद करा आणि कारण लिहा.

उचंत खात्यात आज 3 रकमा उभ्या आहेत. कागद निळ्या फाइलमध्ये आहेत आणि प्रत्येकीवर कुणाला विचारायचं ते लिहिलंय. सोमवारी आधी त्या घ्या.